‘कॅलिब्रेशन केले’ म्हणजे नेमके काय केले?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची देखभाल-वही माझ्या हाती आली. तिथल्या निरीक्षकांसाठी मराठीत माहितीपुस्तिका तयार करायची होती आणि त्यांच्या रोजच्या तोंडचे शब्द कोणते हे पाहायला मी ती वही मागून घेतली होती. मे महिन्याच्या एका पानावर पर्जन्यमापकासमोर लिहिले होते : “साफ केले. कॅलिब्रेशन केले. ओके.” खाली सही. पुढच्या वर्षीच्या मेमध्येही तेच तीन शब्दप्रयोग, सही मात्र वेगळी. मी यंत्रांच्या नावांची यादी घेऊन गेलो होतो. परतताना माझ्या मनात मधले वाक्य घोळत होते, कारण ते कोणत्याही भाषेत लिहिले असते तरी त्यावरून काहीच कळले नसते.

हवामानाच्या उपकरणांचे शब्द मराठीत कसे आणावेत, हा प्रश्न निघाला की चर्चा नावांपाशी घुटमळते : पवनवेगमापक की वायुवेगमापक, आर्द्रतामापक की आर्द्रतामापी. हा भाग बराचसा सुटलेला आहे, असे माझे मत आहे. तरी तो आधी पाहू, कारण मराठीला कुठे अडखळायला होते ते त्यातून दिसते.

पावसाचे माप ही काही आपल्याकडे परदेशातून आलेली कल्पना नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी हातभर तोंडाचे भांडे पाऊस मोजायला ठेवण्याची सूचना आहे आणि त्यासाठी ‘वर्षमान’ असा शब्द आहे. आधुनिक मराठीने हा शब्द उचलला नाही. ‘वर्ष’ म्हटले की आपल्याला आधी साल आठवते. हिंदीने ‘वर्षामापी’ स्वीकारला, मराठीने ‘पर्जन्यमापक’ घेतला आणि शाळेच्या भूगोलातून तो घरोघरी पोचला. एकच कुरबुर उरते. महसूल खात्याच्या कागदांत पर्जन्यमान, पर्जन्यमापन आणि पर्जन्यमापक हे तिन्ही शब्द शेजारी-शेजारी येतात आणि घाईत वाचणाऱ्याला ते एकच वाटतात. पहिला म्हणजे पडलेला पाऊस, दुसरे मोजण्याचे काम, तिसरे यंत्र. पुस्तिकेत मी ‘पर्जन्यमान’ टाळून सरळ ‘पडलेला पाऊस’ लिहिले. कोणाचे काही अडले नाही.

वाऱ्याच्या यंत्राला मात्र मराठीत एक नाव नाही. वातवेगमापक, वायुवेगमापक, पवनवेगमापक ही सगळी रूपे छापील मराठीत सापडतात. याचे कारण आपल्याच शब्दसंपत्तीत आहे. वाहतो तो वारा, श्वासात घेतो ती हवा आणि ऑक्सिजन किंवा हायड्रोजन हा वायू, असा भेद शाळेत विज्ञान शिकलेला मराठी माणूस सहज करतो. संस्कृत समास करायला बसलो की मात्र तो पुसला जातो, कारण संस्कृतात वायू म्हणजेच वारा. ‘वायुवेगमापक’ हा शब्द एखाद्या कारखान्यातल्या तंत्रज्ञाला दाखवला तर नळीतून जाणाऱ्या गॅसचा वेग मोजायचे यंत्र त्याच्या डोळ्यांपुढे येईल. ‘वात’ म्हटले की आजीला गुडघे आठवतात. उरतो पवन, आणि पवनऊर्जा, पवनचक्की हे शब्द सातारा-सांगलीच्या पठारांवर इतके रुळलेत की ‘पवनवेगमापक’ कानाला परका लागत नाही. हिंदीतला ‘पवनवेगमापी’ही याच्या जवळचा आहे. मी तोच निवडला. तोंडी बोलताना निरीक्षक त्याला ‘वाऱ्याच्या वाट्या’ म्हणत होते, तेही पुस्तिकेत एकदा नोंदवून ठेवले.

वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या यंत्राला जुन्या पुस्तकांत ‘वातकुक्कुट’ म्हणत. स्वयंचलित केंद्रावर कोंबडा नसतो, नुसते पाते असते, म्हणून ‘दिशादर्शक पाते’ पुरे. पण खरी गडबड यंत्राच्या नावात नसून आकड्यात आहे. हवामानशास्त्रात वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिकडून येतो ती बाजू. पडद्यावर २२५ अंश दिसले तर वारा नैऋत्येकडून येतो आहे. ‘वाऱ्याची दिशा : नैऋत्य’ एवढेच लिहिले तर नवखा माणूस वारा नैऋत्येकडे चालला आहे असे समजू शकतो. ‘कडून’ हा शब्दयोगी लिहिलाच पाहिजे. कोकणातल्या बोलीने हा घोळ होऊच दिलेला नाही. समुद्रावरून येतात ते खारे वारे आणि जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. शब्दातच उगम बांधलेला आहे, आणि पाठ्यपुस्तकांनी हे शब्द जसेच्या तसे घेतले हे फार चांगले केले.

आर्द्रतेच्या बाबतीत एक शब्द मला सगळ्यांत घातक वाटतो, तो म्हणजे ‘दवबिंदू’. हवा ज्या तापमानापर्यंत थंड केली की तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते, ते हे तापमान. पण मराठीत दवबिंदू म्हणजे गवताच्या पात्यावरचा थेंब. कविता वाचलेल्या कोणालाही विचारा. फोनवरच्या हवामानाच्या पानावर ‘दवबिंदू २१°’ असे वाचून एका बागायतदाराने मला विचारले होते, की दव किती पडले ते अंशांत कसे मोजतात? ‘बिंदू’ या शब्दाला भौतिकीत आणि रसायनात टप्प्याचा अर्थ आहे, बोलीत नाही. ‘दवबिंदू तापमान’ असे लिहिले की प्रश्न मिटतो. एक शब्द वाढतो, वाढू द्यावा.

‘मापक’, ‘मापी’, ‘दर्शक’, ‘लेखक’ या प्रत्ययांची एक जुनी शिस्त आहे : मोजतो तो मापक, नुसते दाखवतो तो दर्शक, कागदावर रेघ काढत जातो तो लेखक. फिरत्या नळकांड्यावर शाईची रेघ उमटवणारी यंत्रे होती तोवर ती उपयोगी होती. ‘पर्जन्यलेखक’ वाचून पावसावर कविता करणारा गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो हा भाग वेगळा. आताच्या केंद्रावर ही शिस्त मोडते. खांबावरचा भाग फक्त जाणतो आणि विद्युत संकेत पाठवतो. आकडा तयार होतो पेटीतल्या नोंदयंत्रात. म्हणून खांबावरच्या वस्तूला ‘संवेदक’ आणि संवेदक, तार, नोंदयंत्र मिळून होणाऱ्या संचाला ‘मापक’ म्हणावे, असे मी ठरवले. सेन्सर म्हटले तरी चालते, निरीक्षक तेच म्हणतात. पण भेद पाळावा लागतो. नाहीतर तारेत पाणी शिरून आकडा बिघडला की माणूस आधी संवेदक बदलतो आणि बिघाड तसाच राहतो.

शब्द घडवण्याचे काम आपल्याकडे झालेच नाही, असे नाही. १९६०मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याच्या परिभाषा कोशांनी शेकडो शास्त्रीय शब्दांना मराठी रूपे दिली. ‘वेध’ हा ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणाचा जुना शब्द तर इतका टिकला, की राज्यातल्या महसूल मंडळांमध्ये उभ्या राहिलेल्या दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रांच्या प्रकल्पाचे नावही ‘महावेध’ आहे. यंत्रांच्या नावांसाठी एवढे सगळे झाले. त्या यंत्रांवर जे काम करायचे, त्याच्या क्रियापदांकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

वहीतल्या त्या वाक्याकडे आता वळतो.

मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शब्दकोशात तीन कामे काटेकोरपणे वेगळी ठेवली आहेत. पहिले काम : खात्रीच्या प्रमाणाशी यंत्राचा आकडा ताडून पाहणे आणि दोन्हींमधले नाते, अनिश्चिततेसह, लिहून ठेवणे. यात यंत्राला हात लावायचा नाही. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. दुसरे काम : यंत्राचा स्क्रू फिरवून किंवा नोंदयंत्रातला गुणक बदलून आकडा बरोबर यावा अशी व्यवस्था करणे. तिसरे काम : यंत्र ठरलेल्या मर्यादेत बसते की नाही, याचा हो किंवा नाही असा निर्णय देणे. पहिले आणि दुसरे एक समजू नये, अशी स्पष्ट सूचना त्या शब्दकोशाने दिली आहे. म्हणजे गोंधळ इंग्रजीतही आहेच. आपण तो जसाच्या तसा उचलण्याचे मात्र कारण नाही.

पहिल्या कामासाठी मराठीत अंशांकन, अंशशोधन आणि प्रमाणीकरण हे तीन शब्द फिरतात. ‘अंशांकन’ म्हणजे अंशांच्या खुणा करणे. काचेच्या तापमापकाची नळी बर्फात आणि वाफेत धरून तिच्यावर रेघा मारायच्या, त्या काळाला हा शब्द शोभतो. वाट्या किती वेळा फिरल्या हे मोजणाऱ्या यंत्रावर अंशही नाहीत आणि अंकनही नाही. ‘प्रमाणीकरण’ हा शब्द तर आता दुसऱ्याच कामाला जुंपला गेला आहे. कर्जमाफीच्या काळात ज्याने आधार प्रमाणीकरणासाठी रांगेत उभे राहून यंत्रावर अंगठा टेकवला, त्या शेतकऱ्याला पर्जन्यमापकाचे प्रमाणीकरण म्हणजे काय वाटेल? ‘अंशशोधन’ त्यातल्या त्यात बरा, पण ‘शोधन’ मध्ये शुद्ध करण्याची छटा आहे. यंत्र दुरुस्त झाले असे ते सुचवते आणि नेमका तोच गैरसमज टाळायचा आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कामाला मात्र मराठीत अस्सल शब्द तयार आहेत. दुसरे म्हणजे ‘जुळवणी’. गिरणीतला माणूस आणि रेडिओ दुरुस्त करणारा दोघेही तो वापरतात. तिसऱ्यासाठी बाजारात जा. दुकानदाराच्या काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा जो शिक्का असतो, त्या कामाला सरकारी मराठीत ‘पडताळणी व मुद्रांकन’ म्हणतात. पडताळणी म्हणजे मर्यादेत बसते की नाही हे पाहणे, मुद्रांकन म्हणजे बसल्याची खूण. मापनशास्त्राला हवा तोच अर्थ, तोही कायद्याच्या वापरातून घोटलेला.

तराजूनेच आणखी एक शब्द दिला आहे : पासंग. दोन्ही पारडी रिकामी असताना जो झुकाव राहतो तो, आणि तो भरून काढायला बांधलेला खडाही. संवेदकाच्या बाबतीत शून्यापाशी किंवा सगळ्याच आकड्यांत एकसारखा जो फरक येतो, त्याला याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही. पाठ्यपुस्तकातला ‘शून्यांक त्रुटी’ शुद्ध आहे, पण पासंग म्हटले की वृद्ध निरीक्षकही मान डोलावतो.

आर्द्रतेच्या संवेदकावर हे करून पाहता येते. हवाबंद बरणीत मिठाचे संपृक्त द्रावण ठेवले, तळाशी न विरघळलेले मीठ दिसत राहील इतके घट्ट, तर बरणीतली सापेक्ष आर्द्रता २५ अंशांना सुमारे ७५ टक्के होते आणि तशीच टिकते. मॅग्नेशियम क्लोराइड घेतले तर ती सुमारे ३३ टक्के होते. संवेदक द्रावणाला न टेकता आत लटकवायचा, बरणी ऊन लागणार नाही अशी ठेवायची आणि काही तास थांबायचे. समजा, ३३ला यंत्राने ३७ दाखवले आणि ७५ला ७९. दोन्हीकडे चारच जास्त : हा पासंग. पण ३३ला ३१ आणि ७५ला ७० दाखवले, तर पासंग नाही. आकडा वर जाताना मागे पडतो आहे, फरक पटीत आहे. पहिल्या प्रकारात चार वजा करून भागते, दुसऱ्यात भागत नाही. एकाच बरणीने तपासणाऱ्याला हे दोन कधीच वेगळे करता येत नाहीत, आणि दोन्हींना ‘एरर’ असे एकच नाव देणाऱ्या वहीतूनही नाही.

आता पर्जन्यमापक. स्वयंचलित केंद्रावर बहुधा दोन कप्प्यांची वाटी असते. एक कप्पा भरला की वाटी कलंडते, दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो आणि चुंबकाने एक ठोका नोंदला जातो. इंग्रजी नावातली बादली आपल्याकडे विहिरीवरच्या बादलीची आठवण करून देते. ‘कलंडती वाटी’ हे नाव निरीक्षकांना लगेच पटले, ठोक्याला ते ‘टिप’ म्हणत राहिले.

समजा, नरसाळ्याचे तोंड २०० चौरस सेंटीमीटर आहे आणि एक ठोका अर्ध्या मिलिमीटर पावसाचा. म्हणजे दर दहा मिलिलिटर पाण्याला वाटीने एकदा कलंडायला हवे. मोजून एक लिटर पाणी घेतले, तर तो ५० मिलिमीटर पाऊस झाला आणि शंभर ठोके यायला हवेत. पाणी सावकाश सोडायचे, बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून तासभर तरी, कारण वाटी कलंडत असताना पडणारे पाणी मोजणीतून निसटते आणि धार जोराची असेल तर ही चोरी वाढते. त्याआधी नरसाळे आणि वाटी ओली करून घ्यायची, नाहीतर पहिले थोडे पाणी त्यांना भिजवण्यातच जाते.

धरा की ९४ ठोके आले. यंत्र ५० मिलिमीटरला ४७ म्हणते. इथवरचे काम म्हणजे कॅलिब्रेशन : नाते कळले, १०० भागिले ९४, म्हणजे गुणक सुमारे १.०६४. यंत्राला अजून बोटही लावलेले नाही. आता तंत्रज्ञापुढे दोन वाटा असतात. तो वाटीखालचे दोन टेकू-स्क्रू सारखेच वर घेईल. त्याने भरणारी बाजू थोडी खाली येते, वाटी कमी पाण्यात कलंडते आणि ठोके वाढतात. ही जुळवणी. किंवा तो स्क्रू तसेच ठेवून गुणक कार्यालयाला कळवेल आणि आकडे तिथे दुरुस्त होतील. दोन्ही वाटा चालतात. दोन्ही एकदम चालत नाहीत.

वहीत फक्त ‘कॅलिब्रेशन केले’ असेल तर काय होते ते पाहा. महाराष्ट्रात एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला, तर अतिवृष्टी धरून नुकसानीचा विचार होतो. न जुळवलेल्या यंत्रावर खरा ६८ मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण १२७ ठोके पडतील, म्हणजे साडेत्रेसष्ट. शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पाणी आलेले असते आणि कागदावर अतिवृष्टी नसते. आता उलटे. तंत्रज्ञाने स्क्रू जुळवले, यंत्र बरोबर दाखवू लागले, पण कार्यालयात कोणीतरी ‘कॅलिब्रेशन केले’ वाचून गुणकही लावला. खरा पाऊस ६२, कागदावर सहासष्ट. पहिल्या चुकीत शेतकऱ्याचे नुकसान, दुसरीत तिजोरीचे, आणि वही दोन्ही वेळा ‘ओके’. शिवाय जुळवणीआधीच्या आकड्यांचे काय, हा प्रश्न राहतोच. यंत्र कधीपासून कमी दाखवत होते हे जुळवणीपूर्वीची मोजणी लिहिलेली असेल तरच शोधता येते.

प्रत्येक तूट जुळवणीने जात नाही, हेही पुस्तिकेत वेगळ्या शब्दांनी सांगावे लागले. शेजारी साधा मोजपात्राचा पर्जन्यमापक असेल तर दोन्हींचे गुणोत्तर पाहायचे. प्रत्येक पावसात ते साधारण ९४ला १०० असेच राहिले तर जुळवणीचा प्रश्न. रिमझिमीत बरोबर आणि वळवाच्या झडीतच कमी येत असेल, तर कलंडतानाची गळती. तिला स्क्रू काही करू शकत नाही. आणि शेजारी ४० मिलिमीटर असताना इथे शून्य, मग पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास एकेक ठोका येत राहिला, तर नरसाळ्यात पान किंवा कोळ्याचे जाळे. ‘तूट’, ‘गळती’ आणि ‘तुंबा’ हे तीन शब्द पुरले. तिन्ही घरातले आहेत, नळाला वापरतो तेच.

पवनवेगमापकाबद्दल एवढेच, की त्याचे खरे कॅलिब्रेशन वाऱ्याच्या बोगद्यातच होते, केंद्रावर नाही. केंद्रावर बोटाने हलके ढकलून वाट्या विनाघरघर फिरतात आणि हळूहळू थांबतात हे पाहिले जाते. झिजलेल्या बेअरिंगमुळे मंद वाऱ्यात वाट्या हलतच नाहीत आणि आकडा शून्य राहतो. या पाहण्याला ‘तपासणी’ म्हणावे. त्याला कॅलिब्रेशन म्हटले की पुढची दहा वर्षे यंत्र बोगद्यापर्यंत पोचत नाही.

मग कॅलिब्रेशनला मराठी शब्द कोणता? बराच काळ मी ‘अंशशोधन’ आणि ‘ताळा’ यांच्यात अडकलो होतो. बेरजेचा ताळा घेतात तसा यंत्राचा ताळा. अर्थ चपखल आहे, मूळ आकड्याला धक्का न लावता खात्री करणे. पण ताळा जुळतो किंवा जुळत नाही, गुणक देत नाही. शेवटी पुस्तिकेत मी कॅलिब्रेशन हाच शब्द देवनागरीत ठेवला, त्याची एक ओळीची व्याख्या दिली आणि जुळवणी व पडताळणी हे शब्द त्याच्यापासून ठामपणे तोडले. काही मित्रांना हा पराभव वाटला. मला तो वाटत नाही. तीन कामांपैकी दोनांना मराठीत नाव मिळाले की तिसऱ्याच्या उसन्या नावाचा अर्थ आपोआप आखला जातो.

जास्त वेळ गेला तो वहीचा तक्ता बदलण्यात. ‘कॅलिब्रेशन’ या एका रकान्याच्या जागी चार आले : सोडलेले पाणी, जुळवणीपूर्वीचे ठोके, जुळवणी केली की नाही, जुळवणीनंतरचे ठोके. पुढच्या मेमध्ये मी ती वही पुन्हा पाहिली. अक्षर तेच होते, ज्याने आधी ‘ओके’ लिहिले होते त्याचे. “पाणी १ लि., ७० मिनिटे. आधी ९३. दोन्ही स्क्रू वर घेतले. नंतर ९९. नरसाळ्यात गांधीलमाशीचे घर होते, काढले.”